रांगेतल्या कुणालाही मिळणारं तिकीट: असेन्शन हॉस्पिटलं, कर्बेरोस्टिंग आणि सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड

असेन्शन ही अमेरिकेतली कॅथलिक हॉस्पिटलांची मोठी साखळी, २०२४ मधे साधारण १४० हॉस्पिटलं होती. मे २०२४ मधे त्यांच्याकडे रॅन्समवेअर घुसलं, पेशंटचे डिजिटल रेकॉर्ड बंद पडले, नर्सेस कागद-पेनावर आल्या, काही ठिकाणी अ‍ॅम्ब्युलन्स दुसरीकडे वळवाव्या लागल्या. रेकॉर्डची सिस्टिम पुन्हा नीट चालू व्हायला जूनचा मध्य उजाडला, आणि डिसेंबरमधे कळलं की सुमारे ५६ लाख लोकांचा डेटा गेलाय.

ही बातमी तेव्हा सगळ्यांनीच वाचली असेल. पण आत नक्की काय झालं ते बाहेर आलं सप्टेंबर २०२५ मधे, जेव्हा सिनेटर रॉन वायडन यांनी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला पत्र लिहून मायक्रोसॉफ्टची चौकशी करा अशी मागणी केली. त्या पत्रात असेन्शनने त्यांच्या ऑफिसला सांगितलेला क्रम आहे: फेब्रुवारी २०२४ मधे एका कंत्राटी माणसाने असेन्शनच्या लॅपटॉपवर बिंगमधे काहीतरी शोधलं, निकालातल्या एका घातक लिंकवर क्लिक केलं, लॅपटॉपमधे मालवेअर आलं, तिथून हल्लेखोर नेटवर्कमधे पसरले आणि कर्बेरोस्टिंग नावाची युक्ती वापरून कंपनीतले सगळे युजर, मशीन आणि त्यांचे अधिकार सांभाळणाऱ्या विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर अ‍ॅडमिनचे अधिकार मिळवले. मग एकदा ते मिळाले की हजारो मशीनवर रॅन्समवेअर ढकलणं हे काही अवघड काम राहत नाही.

मला यातली मधली उडी महत्त्वाची वाटते. एका कंत्राटी माणसाचा लॅपटॉप इकडे, आख्ख्या डोमेनचे अधिकार तिकडे, आणि मधे कुठलाही फायरवॉल फुटलेला नाही, डोमेनमधे कोण कोण आहे हे तपासणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीत बगसुद्धा नाही. सर्व्हरने नियमाप्रमाणे जे द्यायचं तेच दिलं. ते काय दिलं आणि त्याने घात कसा झाला हे मी माझ्या घरच्या छोट्या लॅबमधे पुन्हा करून बघितलं, तेच खाली लिहितोय.

आधी तिकिटाचा प्रवास

कर्बेरॉस एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनामधून आलं, १९८० च्या दशकात. नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं. मायक्रोसॉफ्टने ते विंडोज २००० पासून डोमेनमधे आणलं. कल्पना अशी की तुमचा पासवर्ड नेटवर्कवरून कधीच फिरायचा नाही, त्याऐवजी तिकिटं फिरतील.

लॅबमधे एक डोमेन कंट्रोलर आहे, म्हणजे लॉगिन तपासणारा आणि तिकिटं देणारा मुख्य सर्व्हर, डोमेन `prayog.local`, एक सर्व्हर `sql01` ज्यावर एसक्यूएल सर्व्हर चालतो, आणि एक साधी युजर `sanika`, जिला डोमेन युजर्स सोडून कुठल्याच ग्रुपमधे टाकलेलं नाही. म्हणजे असेन्शनमधल्या त्या लॅपटॉपवाल्याच्या जागी सानिका धरा.

सानिका सकाळी लॉगिन करते तेव्हा तिचं मशीन आत्ताची वेळ घेतं, ती सानिकाच्या पासवर्डपासून बनवलेल्या कीने एन्क्रिप्ट करतं आणि डोमेन कंट्रोलरला पाठवतं. कंट्रोलरकडे तिची की आधीपासून असते, तो उघडून बघतो, वेळ पाच मिनिटांच्या आत जुळली की मान्य (म्हणूनच घड्याळ पुढंमागं झालं की डोमेनमधे लॉगिनच्या विचित्र तक्रारी येतात). मग तो तिला देतो टीजीटी, म्हणजे बाकीची तिकिटं मिळवायचं मूळ तिकीट. हे टीजीटी `krbtgt` नावाच्या खास अकाउंटच्या कीने बंद केलेलं असतं, सानिका ते जवळ बाळगू शकते पण उघडू शकत नाही. डीफॉल्टमधे ते १० तास चालतं.

आता तिला `sql01` वरचा डेटाबेस बघायचाय. तिचं मशीन टीजीटी घेऊन परत कंट्रोलरकडे जातं आणि म्हणतं, मला `MSSQLSvc/sql01.prayog.local:1433` साठी तिकीट दे. हे जे लांबलचक नाव आहे त्याला एसपीएन म्हणतात, म्हणजे सर्व्हिसचा डोमेनमधला पत्ता. कंट्रोलर डिरेक्टरीत बघतो की हा पत्ता कुठल्या अकाउंटवर नोंदवलाय, आणि त्या अकाउंटच्या पासवर्डपासून बनलेल्या कीने एक नवीन तिकीट बंद करून सानिकाच्या हातात ठेवतो. सानिका ते एसक्यूएल सर्व्हरला देते. सर्व्हरला स्वतःची की माहीत असते, तो सील उघडतो, आत सानिका कोण, कुठल्या ग्रुपमधे, ते वाचतो आणि मग ठरवतो की हिला आत घ्यायचं की नाही.

इथं एक गोष्ट नीट बघा कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सानिकाला एसक्यूएल सर्व्हर वापरायची परवानगी आहे का, हे तिकीट देताना कंट्रोलर बघतच नाही. ते त्याचं कामच नाही. परवानगीचा निर्णय सर्व्हिस घेणार, कंट्रोलर फक्त एवढंच सांगणार की ही खरोखर सानिका आहे. त्यामुळे डोमेनमधल्या कुठल्याही युजरने कुठल्याही एसपीएनचं तिकीट मागितलं तर त्याला ते मिळतं, अगदी रिसेप्शनवरच्या ट्रेनीने पगाराच्या डेटाबेसचं मागितलं तरी. डिझाइन म्हणून यात चूक काही नाही, कंट्रोलरने हजार अ‍ॅप्लिकेशनचे नियम स्वतःकडे ठेवावेत अशी अपेक्षा वेडेपणाची आहे.

पण याचा अर्थ असा झाला की एका सर्व्हिसच्या पासवर्डने सील केलेलं पाकीट कुठल्याही युजरला हक्काने घरी नेता येतं.

लॅबमधे काय दिसलं

यासाठी खास टूलही लागत नाही, विंडोजमधलीच कमांड आहे. सानिकाच्या लॉगिनने हे चालवलं:

```
klist get MSSQLSvc/sql01.prayog.local:1433
```

आणि जे आलं त्यातल्या कामाच्या ओळी या:

```
Client: sanika @ PRAYOG.LOCAL
Server: MSSQLSvc/sql01.prayog.local:1433 @ PRAYOG.LOCAL
KerbTicket Encryption Type: RSADSI RC4-HMAC(NT)
```

सानिकाला त्या डेटाबेसवर काडीचाही अधिकार नव्हता, तरी तिकीट मिळालं, ते अपेक्षितच होतं. बघण्यासारखी तिसरी ओळ आहे. तिकीट आरसी४ या जुन्या एन्क्रिप्शनने बंद झालंय, नव्या एईएस ने नाही.

का, तर जुनी गोष्ट आहे. विंडोज २००० आलं तेव्हा एनटी ४ वरून येणाऱ्या कंपन्यांकडे युजरचे पासवर्ड एनटी हॅशच्या रूपात साठवलेले होते. सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावणं शक्य नव्हतं, म्हणून मायक्रोसॉफ्टने असा एन्क्रिप्शनचा प्रकार घेतला ज्यात तो एनटी हॅशच थेट की म्हणून चालतो. तो हॅश म्हणजे पासवर्डवर एकदा एमडी४ चालवलं, झालं. मीठ नाही, म्हणजे प्रत्येक पासवर्डमधे वेगळं मिसळायचं सॉल्ट नाही, आणि हजारो वेळा घोळवणंही नाही. तेव्हाची सोय म्हणून ठीक होतं. एईएस विंडोज सर्व्हर २००८ पासून आलं, पण साध्या युजर अकाउंटवर एसपीएन असेल आणि त्या अकाउंटवर `msDS-SupportedEncryptionTypes` हे फील्ड रिकामं असेल तर तिकिटासाठी वर्षानुवर्षं आरसी४ च वापरलं गेलं. नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटने सेशन की एईएसची केली, पण तिकिटाचं स्वतःचं सील रिकाम्या फील्डला आरसी४ च राहिलं, माझ्या लॅबच्या सर्व्हर २०१९ वर तेच दिसतंय. तुमच्याकडे कुठलं व्हर्जन आणि कुठले पॅच आहेत त्यावर वेगळं दिसू शकेल, `klist` मधे बघून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता सानिकाच्या मशीनच्या मेमरीत ते तिकीट आहे. ते फाइलमधे काढून घेणारी टूल्स उघड मिळतात, टिम मेडिन यांनी २०१४ मधे डर्बीकॉन या सिक्युरिटी परिषदेत हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडून दाखवला आणि कर्बेरोस्टिंग हे नावही तिथलंच, म्हणजे तीन तोंडांचं कुत्रं भाजायचं. (मराठीत फारच वाईट वाटतं ऐकायला, पण असो.)

इथून पुढं नेटवर्कचा संबंधच संपतो. हल्लेखोर ते पाकीट आपल्या घरी नेतो आणि एकेक पासवर्ड लावून बघतो. अंदाज घ्यायचा, त्याचा एनटी हॅश काढायचा, तिकिटातला डेटा त्या कीने उघडायचा. बरोबर उघडला हे कसं कळतं, तर तिकिटातच एक चेकसम असतो, उघडलेला मजकूर त्याच्याशी जुळला की पासवर्ड सापडला, नाही जुळला तर पुढचा. विचारायला कुणाकडे जायचंच नाही. तीनदा चुकला म्हणून अकाउंट लॉक होत नाही, `badPwdCount` एकानेसुद्धा वाढत नाही, कारण डोमेन कंट्रोलरला या अंदाजांची गंधवार्ताही नसते. अकाउंट लॉकआउटची पॉलिसी कितीही कडक लावा, ती या हल्ल्याच्या वाटेत येतच नाही, आणि हे बऱ्याच अनुभवी अ‍ॅडमिननासुद्धा मी समजावून सांगितलं तेव्हा आधी पटत नव्हतं.

बारा अक्षरांचा पासवर्ड, तरी पडला

लॅबमधला एसक्यूएल सर्व्हर `svc_sql` या सर्व्हिस अकाउंटने चालतो, त्याला मी मुद्दाम असा पासवर्ड दिला होता जो आपल्याकडे खरोखर दिसतो: `Ganpati@2019`. बारा अक्षरं, कॅपिटल आहे, लहान आहेत, आकडे आहेत, चिन्ह आहे. विंडोजच्या कॉम्प्लेक्सिटी पॉलिसीला काही हरकत नाही, कंपनीचा ऑडिटरही टिक मारून पुढं जाईल.

कागदावरचं गणित काय म्हणतं बघू. कीबोर्डवर ९५ अक्षरं-चिन्हं धरली तर बारा जागांसाठी ५.४ गुणिले दहाचा तेविसावा घात इतक्या शक्यता. सोयीसाठी सेकंदाला १०० कोटी अंदाज धरू, आरसी४ च्या तिकिटाला आजचं एखादं चांगलं गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड एवढ्या घरात जातं. म्हणजे सगळं तपासायला साधारण पावणेदोन कोटी वर्षं. मग झोपा निवांत.

पण हल्लेखोर `aaaaaaaaaaaa` पासून सुरू करत नाही ना. मी एक यादी केली: देव, गड-किल्ले, शहरं, नद्या, मुलामुलींची नावं, सण, क्रिकेटर, मिळून अंदाजे ५,००० शब्द. प्रत्येक शब्द पहिलं अक्षर कॅपिटल आणि नुसता असा दोन प्रकारे, मधे पाचपैकी एक चिन्ह, मागे १९९० ते २०२५ पैकी एक वर्ष. गुणाकार करा, १८ लाख अंदाज होतात. १८ लाख! सेकंदाला १०० कोटीच्या वेगाने हे दोन मिलिसेकंदांचं काम आहे. माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यावरही चहा उकळायच्या आत पासवर्ड समोर होता.

पावणेदोन कोटी वर्षं आणि चहा उकळायचा वेळ, या दोन्हींमधला फरक पासवर्ड माणसाने बनवलाय एवढ्यानेच पडतो. बारा अक्षरं मोजण्यात अर्थ नाही, त्या अक्षरांमागे निवडी किती केल्या ते मोजायचं, आणि इथं निवडी चारच आहेत: कुठला शब्द, कॅपिटल का नाही, कुठलं चिन्ह, कुठलं वर्ष. खरा हल्लेखोर माझ्यासारखी ५,००० शब्दांची यादी घेत नाही, तो कोट्यवधी फुटलेल्या पासवर्डची यादी घेतो आणि प्रत्येकावर बदलांचे हजारो नियम चालवतो. समजा १ कोटी शब्द आणि १० हजार नियम, तरी १०० सेकंदात संपतं.

आता लोक लगेच म्हणतात, मग आरसी४ बंद करून एईएस लावा की. लावाच, पण त्याने काय मिळतं ते मोजून बघा. एईएसमधे पासवर्डपासून की बनवताना पासवर्ड घोळवणाऱ्या पीबीकेडीएफ२ चे ४०९६ फेरे असतात आणि डोमेनचं नाव व युजरनेम मिळून सॉल्ट असतं. त्याने अंदाजाचा वेग ढोबळपणे हजारपटीने पडतो, १०० कोटींवरून १० लाखांच्या आसपास. म्हणजे मघाची १ कोटी गुणिले १० हजारवाली यादी १०० सेकंदांऐवजी २८ तास घेईल. आणि माझी १८ लाखांची? दोन सेकंद. दोन मिलिसेकंदांचे दोन सेकंद झाले, बस. म्हणजे मधल्यामधल्या पासवर्डला एईएसने खरंच फरक पडतो, पण `Ganpati@2019` ला ते वाचवू शकत नाही.

उलट बाजूने पण बघा. २५ अक्षरांचा खरोखर रँडम पासवर्ड असेल तर आरसी४ असूनही कुणी फोडू शकणार नाही, १४ रँडम अक्षरांनाच मघाच्या वेगाने १५ हजार कोटी वर्षांच्या घरात जातं. वायडन यांच्या पत्राचा सगळा रोख आरसी४ डीफॉल्टमधे अजून चालू ठेवण्यावर आणि प्रिव्हिलेज्ड अकाउंटला लांब पासवर्डची सक्ती नसण्यावर होता, मायक्रोसॉफ्टचं उत्तर होतं की आरसी४ आता त्यांच्या ट्रॅफिकच्या ०.१ टक्क्यांहून कमी आहे, एकदम बंद केलं तर बऱ्याच ग्राहकांच्या सिस्टिम मोडतील, म्हणून टप्प्याटप्प्याने काढतोय. माझं मत विचाराल तर डीफॉल्ट इतकी वर्षं तसंच ठेवणं चूकच होतं. पण तो ०.१ टक्का नेमका कुणाकडे आहे हे बघितलं तर तिथंच जुने सर्व्हिस अकाउंट सापडतात.

हे सगळं सर्व्हिस अकाउंटवरच का पडतं

`sql01` या कॉम्प्युटरचं स्वतःचंही डोमेनमधे अकाउंट असतं, त्यालाही एसपीएन असतात, त्याचंही तिकीट कुणालाही मिळतं. तरी ते कुणी भाजायच्या फंदात पडत नाही, कारण कॉम्प्युटर अकाउंटचा पासवर्ड विंडोज स्वतः बनवतं, १२० अक्षरांचा रँडम, आणि डीफॉल्टमधे दर ३० दिवसांनी बदलतं. एसक्यूएल सर्व्हर इन्स्टॉल करताना डीफॉल्ट व्हर्चुअल अकाउंट ठेवलं तर तो नेटवर्कवर कॉम्प्युटर अकाउंटच्याच नावाने वावरतो आणि हा प्रश्न येतच नाही.

प्रश्न कुठं येतो, तर कुणीतरी कधीतरी म्हणतं की दोन-चार सर्व्हरवर एकच अकाउंट हवं, किंवा व्हेंडरच्या पीडीएफमधे लिहिलेलं असतं की डोमेन युजर बनवा, पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स टिक करा आणि डोमेन अ‍ॅडमिन्समधे टाका नाहीतर बॅकअप चालणार नाही. रात्री अकरा वाजता मायग्रेशन चालू असतं, व्हेंडरचा माणूस फोनवर असतो, अ‍ॅडमिन लक्षात राहील असा पासवर्ड देतो कारण तो उद्या परत टाइप करायचाय. आणि मग त्या अकाउंटला सात-आठ वर्षं कुणी हात लावत नाही, कारण पासवर्ड बदलला तर काय काय बंद पडेल हे कुणालाच नक्की माहीत नसतं. मी एका ठिकाणी, नाव नाही सांगत, पासवर्ड शेवटचा बदलल्याची तारीख बघितली तर तो ज्याने बनवला तो माणूस कंपनी सोडून दोन नोकऱ्या पुढं गेला होता.

असं अकाउंट डोमेन अ‍ॅडमिन असलं तर एका तिकिटात खेळ खल्लास, लॅपटॉपवरून डोमेनपर्यंतची उडी ती हीच. अ‍ॅडमिन नसलं तरी सुटका नाही, सर्व्हिसची की हातात आली की त्या सर्व्हिसपुरती खोटी तिकिटं स्वतःच बनवता येतात, आत मी कोण आणि कुठल्या ग्रुपमधे हे हवं ते लिहून. त्याला सिल्व्हर तिकीट म्हणतात.

आपल्याकडे आहे का, कसं कळणार

पहिलं काम यादी काढणं. साध्या युजर अकाउंटवर एसपीएन कुठं कुठं आहेत:

```powershell
Get-ADUser -Filter 'ServicePrincipalName -like "*"' `
  -Properties ServicePrincipalName,PasswordLastSet,
  AdminCount,'msDS-SupportedEncryptionTypes'
```

`krbtgt` यात येणारच, ते सोडून द्या. बाकीच्यांत आधी `AdminCount` १ असलेले, म्हणजे मोठ्या अधिकारांच्या ग्रुपमधे असलेले किंवा कधीतरी राहून गेलेले बघा, मग `PasswordLastSet` ची तारीख. जी अकाउंट दोन्हीत वाईट दिसतात त्यांच्यावर आजच बसा, बाकी नंतर. कधीकधी असंही निघतं की सर्व्हिस केव्हाच बंद झालीय, सर्व्हर भंगारात गेला, पण एसपीएन अकाउंटवर तसाच लटकलेला. तिकीट त्याचंही मिळतं! कंट्रोलर सर्व्हर जिवंत आहे का बघत नाही, त्याला फक्त डिरेक्टरीतली नोंद दिसते. असे एसपीएन काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

हल्ला चालू असताना पकडायचा तर डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमधला इव्हेंट `4769`, प्रत्येक सर्व्हिस तिकिटामागे एक. त्यात टिकेट एन्क्रिप्शन टाइप `0x17` म्हणजे आरसी४, `0x12` म्हणजे एईएस २५६. सर्व्हिसचं नाव `$` ने संपत असेल तर ते बहुधा कॉम्प्युटर अकाउंट, गाळा. उरलेल्यात एकाच युजरने दोन-तीन मिनिटांत पंधरावीस वेगवेगळ्या सर्व्हिसची `0x17` तिकिटं घेतली असतील तर माणूस असं वागत नाही, ते टूल आहे.

पण याच्यावर फार विसंबू नका. हे इव्हेंट मोठ्या डोमेनमधे दिवसाला लाखांनी येतात, आणि शहाणा हल्लेखोर सगळी तिकिटं एकदम मागत नाही, दिवसाला एक घेतो, किंवा एईएसचंच मागतो, आणि मग ते तुमच्या नेहमीच्या ट्रॅफिकसारखंच दिसतं. म्हणून मला सापळ्याचं अकाउंट जास्त आवडतं: `svc_backup_old` असं काहीतरी मोहात पाडणारं नाव, त्यावर खोटा एसपीएन, पासवर्ड मात्र प्रचंड लांब रँडम, आणि ते कुठंच वापरायचं नाही. त्याचं तिकीट कुणी खऱ्या कामासाठी मागूच शकत नाही, त्यामुळे त्याच्या नावाचा एक जरी `4769` आला तरी उठून बघायचं. मागणी हळू असो वा जोरात, आरसी४ असो वा एईएस, सापळ्याला फरक पडत नाही. फक्त तुमचाच व्हल्नरेबिलिटी स्कॅनर सगळे एसपीएन विचारत फिरत असेल तर पहिला अलार्म त्याचाच वाजेल, माझाही तसाच वाजला.

लॅब कशी दुरुस्त केली

पहिला विचार फक्त एईएस लावायचा होता, `msDS-SupportedEncryptionTypes` मधे 24. त्यातली एक खाच सांगतो कारण ती खऱ्या डोमेनमधे जास्त लागते. अकाउंटचा पासवर्ड डोमेनला एईएस येण्याआधी, म्हणजे २००८ च्या लेव्हलच्या आधी सेट झालेला असेल आणि नंतर कधी बदललाच नसेल, तर डिरेक्टरीत त्याची एईएस की अस्तित्वातच नसते. फील्डमधे 24 टाकलं की ती सर्व्हिस बंद, आणि एररवरून कारण पटकन कळत नाही. आधी पासवर्ड बदला, मग फील्ड. आणि एखाद्या लिनक्स बॉक्सवर त्या अकाउंटची की साठवलेली कीटॅब फाइल असेल तर पासवर्ड बदलल्याबरोबर ती शिळी होते, ती नवीन बनवून द्यावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतोच.

शेवटी `svc_sql` काढून टाकलं आणि ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट लावलं, जे विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे. त्याचा पासवर्ड २४० बाइटचा, डोमेन कंट्रोलरच बनवतो आणि दर ३० दिवसांनी बदलतो, कुठल्याही माणसाला तो टाइप करायचा नसतो, आणि एकच अकाउंट अनेक सर्व्हरवर चालतं, म्हणजे व्हेंडरची मूळ गरजही भागते. डोमेनमधे पहिल्यांदाच करत असाल तर आधी हे पासवर्ड ज्यावरून बनतात ती केडीएस रूट की बनवावी लागते आणि ती वापरता यायला १० तास थांबावं लागतं, सगळ्या कंट्रोलरपर्यंत पोचावी म्हणून. मी तो भाग वाचला नव्हता, अर्धा रविवार कमांड का चालत नाही हे शोधण्यात गेला.

```powershell
New-ADServiceAccount -Name gmsa_sql `
  -DNSHostName gmsa_sql.prayog.local `
  -PrincipalsAllowedToRetrieveManagedPassword 'sql01$'
```

शेवटच्या ओळीत जे नाव आहे तोच सर्व्हर हा पासवर्ड वाचू शकतो. आळसाने तिथं सगळ्या डोमेन कॉम्प्युटर्सचा ग्रुप टाकलात तर कुठलंही एक मशीन पडलं की फोडायची गरजच नाही, पासवर्ड मागून घेता येईल. आणि जुनी अ‍ॅप्लिकेशन्स किंवा अप्लायन्स असतात ज्यांना हा अकाउंटचा प्रकार कळतच नाही, तिथं साधंच अकाउंट ठेवायचं पण पासवर्ड जनरेटरमधून काढलेला २५-३० अक्षरांचा, व्हॉल्टमधे, आणि डोमेन अ‍ॅडमिन्समधून बाहेर.

मग एसपीएन नवीन अकाउंटवर हलवला, सानिकाच्या लॉगिनवर जुनी तिकिटं `klist purge` ने उडवली आणि तीच कमांड परत चालवली. तिकीट परत मिळालं, तितक्याच सहज, ना एरर ना नकार, तिसऱ्या ओळीत फक्त आता `AES-256-CTS-HMAC-SHA1-96` होतं. तिकडे लॉगमधे एक `4769` पडला. ते पाकीट मी परत लॅपटॉपवर नेलं, यादी आधी १८ लाखांची लावली, मग मोठी, मग रात्रभर चालू ठेवून झोपलो, आणि सकाळी पंखा तापलेला होता, निकालाची फाइल शून्य बाइटची.